गंगेवरचे फोटो मोकळे मोकळे का दिसतात? ग्रिड लावूनसुद्धा

मेनरोडची_मीरा
नमस्कार मंडळी. मी रोज सकाळी गंगेवर फिरायला जाते. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, त्यावर वेगळा वाद नको 🙂 शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने फोनच्या फोटोग्राफीबद्दल काहीतरी टाकलं होतं, त्यात तीनच गोष्टी होत्या: चित्राचे तीन भाग करा, रेघा वापरा आणि कशाततरी चौकट शोधा. मी कॅमेऱ्याचं ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या दोन उभ्या नि दोन आडव्या रेघा, ऑन केलं आणि आठ दिवस तेच करतेय.

आता फोटोत काय आहे ते लिहिते, कारण इथे फोटो चढवायला गेलं की माझं पान अडकतंय. मी गावाच्या बाजूच्या घाटावर उभी आहे, समोर पाणी, पाण्यापलीकडे पंचवटीतलं नारोशंकराचं देऊळ. देऊळ बरोब्बर ग्रिडच्या रेघा छेदतात त्यातल्या उजवीकडच्या वरच्या फुलीवर आहे, खालच्या अर्ध्या भागात घाटाच्या पायऱ्या आहेत, म्हणजे रेघा पण झाल्या. पण फोटो बघितला की काहीच नाही हो. देऊळ एवढंसं काळपट, पायऱ्या मोठ्याच्या मोठ्या, आणि डावीकडे एक निळी ताडपत्री, जी मला तिथे असताना दिसलीच नव्हती, शपथ. मिस्टर म्हणाले "छान आहे, पण कशाचा काढलायस?" तेच मलाही कळेना. कुठे चुकतंय? फोन तीन वर्षांपूर्वीचा आहे, साधाच. नवीन घ्या सांगू नका प्लीज.

सिडकोचा_सम्या
ताई सोप्पं आहे. देऊळ चुकीच्या फुलीवर ठेवलंय. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो ना, म्हणून सब्जेक्ट नेहमी डाव्या खालच्या फुलीवर ठेवायचा, मी सगळे व्हिडिओ बघितलेत. आणि ०.५ वर टाका, म्हणजे वाइड होतं, पूर्ण घाट मावतो, एकदम भारी दिसतं.

शुभांगी_ताई
मेनरोडला फ्रेमिंग चांगलं कोण करून देतं ते मलाही सांगा. सासऱ्यांचा फोटो आहे, जुनी लाकडी चौकट मोडली. भद्रकालीत एक जण करायचे, आता दुकान बंद दिसतं.

मेनरोडची_मीरा
अहो शुभांगीताई, ते फ्रेमिंग नाही हो, फोटो काढतानाचं म्हणतेय मी 😄 पण कळलं तर नक्की सांगते.

जुना_रोल
मीराताई, पस्तीस वर्षं लग्नं काढली, त्यातली पंधरा रोलवर. रोलमध्ये ३६ फोटो असायचे, त्यामुळे बटण दाबायच्या आधी चार पावलं चालायची सवय लागली. ती फोनवाल्यांना लागत नाही, कारण फुकट आहे. असो.

तुमची फुली बरोबर आहे, चूक दुसरीकडे आहे. फोनचा जो साधा १x कॅमेरा असतो ना, तो आडवा धरला तर तुम्ही दहा पावलांवर उभे असाल तेव्हा साधारण चौदा पावलं रुंदीची जागा फोटोत घेतो. पंचवीस-तीस टक्के इकडेतिकडे होईल फोनप्रमाणे, पण हिशेब हाच धरा. आता तुमच्या जागेवरून देऊळ किती लांब असेल? मधे पाणी, दोन्हीकडच्या पायऱ्या, समजा सत्तर पावलं धरू. मग फोटोत आली जवळजवळ शंभर पावलं रुंद जागा. देऊळ त्यातलं वीस पावलं. म्हणजे फोटोचा पाचवा हिस्सा देऊळ आणि बाकी चार हिस्से तुम्हाला नको असलेलं सगळं. ताडपत्री त्यातच आली. डोळा देवळाकडे बघताना बाकीचं आपोआप गाळून टाकतो, कॅमेरा गाळत नाही, म्हणून तुम्हाला ती दिसली नव्हती. शपथ घ्यायची गरज नाही.

सम्या, ०.५ वर टाकलं की तीच सत्तर पावलं दूर असताना रुंदी दुपटीच्याही आसपास जाते. देऊळ आणखी अर्धं होतं. वाइडने घाट मावतो हे खरं, पण त्यांना घाट मावायची अडचणच नव्हती.

सिडकोचा_सम्या
काका म्हणजे वाइड वाईट? मी ट्रेकला तेच वापरतो.

जुना_रोल
वाईट नाही रे. वाइडला जवळ काहीतरी मोठं लागतं. तुझ्या पायाशी दगड असेल, फूल असेल, मागे डोंगर असेल, तर वाइड. समोर नुसतं लांबचं असेल तर वाइड त्याला दूर ढकलतो. आणि माणूस कडेला ठेवू नको ०.५ मध्ये, लांबुळका होतो, मग मुलगी फोटो डिलीट करायला लावते.

मेनरोडची_मीरा
काका हिशेब कळला, उद्या पावलं मोजते. पण मग पायऱ्यांचं काय? रेघा तर होत्या ना फोटोत, खालचा अर्धा भाग त्यानेच भरलाय.

जुना_रोल
हा खरा प्रश्न विचारलात. घरातला जिना समोरून बघा. काय दिसतं? एकावर एक आडव्या पट्ट्या. गजाच्या खिडकीसारखं. डोळा एकेका गजावर थबकतो, पुढे जात नाही. तुम्ही नदीकडे तोंड करून उभ्या होत्या, म्हणजे पायऱ्यांकडे तोंड करून. म्हणून त्या तुमच्या आणि देवळाच्या मधलं कुंपण झाल्या.

आता त्याच पायरीवर उभं राहून नव्वद अंशात वळा आणि पायरीच्या लांबीच्या दिशेने बघा. सगळ्या कडा पळत जाऊन लांब एकाच ठिकाणी मिळताना दिसतील. रूळ कसे मिळतात तसं. ही झाली ओढणारी रेघ. जी कड तुमच्यापासून दूर जाते ती ओढते, जी तुमच्या समोरून आडवी जाते ती अडवते.

पण यात एक गोम आहे आणि ती ग्रुपवर कोणी सांगत नाही. त्या कडा कुठे मिळणार हे तुम्ही ठरवत नाही, घाट बांधणाऱ्याने ठरवून ठेवलंय. गावाकडच्या घाटाच्या पायऱ्या नदीच्या कडेने होळकर पुलाच्या अंगाला पळतात. देऊळ पाण्यापलीकडे आहे. तुम्ही पाय आपटलेत तरी त्या पायऱ्या नारोशंकराकडे वळणार नाहीत. म्हणजे तुमच्या एका फोटोत दोन फोटो आहेत, पायऱ्यांचा एक आणि देवळाचा एक, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मिस्टरांनी विचारलं ते बरोबर विचारलं.

मेनरोडची_मीरा
अरे बापरे. म्हणजे आठ दिवस मी कुंपणाचा फोटो काढत होते 😂

द्राक्षवाला
मी दिंडोरीकडचा. तुमची चर्चा वाचून माझं एक विचारतो. बागेत ओळी असतात, नऊ फुटांवर ओळ, मांडव पद्धत, खाली उभं राहिलं की खोडांची रांग सरळ जाते, भारी दिसते. मी व्यापाऱ्याला माल दाखवायला तसेच फोटो पाठवतो, रांगेत उभं राहून, जवळचा घड एका बाजूला ठेवून. समोरचा म्हणतो घड दिसत नाही नीट. मी म्हणतो पुढेच तर आहे, डोळे तपास. फोटो साफ आहे, फोकस पण घडावरच आहे.

जुना_रोल
दादा तुमची रेघ जरा जास्तच चांगली आहे 🙂 रांगेत उभे राहिलात की दोन्ही बाजूंची खोडं आणि वरच्या तारा मिळून डोळ्याला धरून शेवटच्या टोकापर्यंत नेतात, आणि टोकाला मांडव संपतो तिथे पांढरा प्रकाश असतो. अख्ख्या फोटोत सगळ्यात उजळ जागा तीच. घड बिचारा कडेला, सावलीत. बघणाऱ्याचा डोळा घडावरून घसरून टोकाला जातो. माल दाखवायचा असेल तर ओळीला आडवे व्हा, म्हणजे मागे पुढच्या ओळीची पानं येतील, टोकाचा प्रकाश येणारच नाही. घड मधोमध, भरभरून. तिथे तिसऱ्या भागाचा वगैरे विचारच करू नका. रांगेचा फोटो काढायचाच असेल तर टोकाला कोणालातरी उभं करा, डोक्याला रंगीत काहीतरी बांधून, म्हणजे ओढून नेलेल्या डोळ्याला तिथे काहीतरी मिळेल.

द्राक्षवाला
हे पटलं. उद्या डिपिंग आहे, घड औषधात बुडवायला बायका असतील बागेत, विचारून काढतो एक.

अर्धा_कप
मला एक कळत नाही, हे तीन भाग तीन भाग काय लावलंय सगळ्यांनी. मी रामकुंडावर मधोमध ठेवून फोटो काढतो आणि माझे फोटो तुमच्या सगळ्यांपेक्षा बरे येतात. पाण्यात प्रतिबिंब असताना क्षितिज खालच्या रेषेवर ठेवलं की अर्धं प्रतिबिंब राहतं आणि वरच्या रेषेवर ठेवलं की आकाश उगाच कापलं जातं. नियम म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी काठी.

सिडकोचा_सम्या
नियम आहे भाऊ तो, उगाच नाही, पूर्वीपासून आहे. लिओनार्दो वगैरे सगळे तेच वापरायचे, गोल्डन रेशो म्हणतात त्याला. ग्रिड म्हणजे गोल्डन रेशोच.

जुना_रोल
सम्या दोन वेगळ्या भांड्यातला मसाला एकात ओततोयस. ग्रिडची रेघ कडेपासून एक तृतीयांशावर, म्हणजे शंभरात साधारण ३३ वर. गोल्डन रेशोची रेघ येते ३८ च्या जवळ. जवळजवळ आहेत, एकच नाहीत. आणि तृतीयांशाचा नियम हे नाव पहिल्यांदा १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज खोदकाम-चित्रकाराने लिहिलं, निसर्गचित्रांबद्दल बोलताना. त्याचं म्हणणं साधं होतं की जमीन आणि आकाश अर्धं अर्धं वाटू नका, एकाला दोन हिस्से द्या, एकाला एक. फुल्यांवर सब्जेक्ट ठेवा हे नंतर त्याला चिकटलं. लिओनार्दोला यात ओढू नको.

अर्धा कपशी मी अर्धा सहमत आहे. प्रतिबिंब असेल, लांबलचक ओवरी असेल, समोरासमोर दोन्ही बाजू सारख्या असतील तर मधे ठेवा, त्या सारखेपणातच मजा असते. पण तो सारखेपणा घट्ट पाहिजे, चार बोटं डावी-उजवीकडे झालं की चुकल्यासारखं दिसतं. तीन भागांच्या ग्रिडचा मला जास्त उपयोग वेगळाच होतो, क्षितिज सरळ आहे का बघायला. घाटावर पाण्याची कड ग्रिडला समांतर ठेवायची. पाणी उतारावरून वाहतंय असं वाटायला लागलं की बाकी काहीही बरोबर असून उपयोग नाही.

अर्धा_कप
अर्धा कशाला, पूर्ण सहमत व्हा. मी माझं म्हणणं सोडत नाही. नवशिक्याला ग्रिड दिलं की तो देवळाकडे बघायचं सोडून रेघांकडे बघतो. मीराताईंचंच उदाहरण आहे समोर.

पंचवटीकर
मी नारोशंकराच्या पाठीमागेच राहतो म्हणून सांगतो, एक साधी गोष्ट कोणी बोललंच नाही. पंचवटी नदीच्या पूर्वेला आहे. सकाळी सूर्य देवळाच्या मागून येतो आणि तुम्ही समोरून गावाकडून फोटो काढताय, मग देऊळ काळं पडणार नाही तर काय. दुपारनंतर या, चार-साडेचारनंतर ऊन देवळाच्या तुमच्याकडच्या अंगावर पडतं, दगडाचं कोरीवकाम उठून दिसतं. बुधवारी मात्र येऊ नका, घाटावर बाजार असतो, ताडपत्र्याच ताडपत्र्या. नाहीतर मुद्दाम बुधवारीच या, मग ताडपत्रीचाच फोटो काढा.

जाता जाता, देऊळ १७४७ चं, आणि ती मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर आणलेली. गंगेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं आणि घंटेला लागलं का यावरच आमच्याकडे बोलणं चालतं, त्यामुळे देवळाचा फोटो काढायचा तर घंटा यायलाच पाहिजे असं माझं मत, कंपोझिशन बिंपोझिशन मागाहून.

मेनरोडची_मीरा
रिपोर्ट. काल शनिवार होता, शाळा लवकर सुटली, पावणेपाचला गेले. पंचवटीकरांचं ऊन शंभर टक्के खरं, देऊळ सोनेरी दगडाचं झालं होतं, मी आठ दिवस त्याची सावली बघत होते.

मग काकांनी सांगितल्याप्रमाणे दोन वेगळे फोटो काढायचे ठरवले. पहिला पायऱ्यांचा. पायरीवर उभी राहून पुलाकडे तोंड केलं. उभं राहून काढला तर कडा दिसतात पण ओढत नाहीत, कशा तरी पायाखालीच सपाट राहतात. मग मी पायरीवर बसले. बरं दिसायला लागलं. मग एक कॉलेजचा मुलगा म्हणाला काकू फोन उलटा धरा, लेन्स खाली जाऊ द्या. फोन उलटा केला, लेन्सची बाजू पायरीच्या दगडापासून चार बोटांवर आली, आणि काय सांगू, पायरीची कड एकदम फोटोच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघून लांबपर्यंत धावत गेली. फोटो आपोआप सरळच दिसतो नंतर, उलटा नाही राहत.

पण टोकाला काहीच नव्हतं. डोळा जातो आणि तिथे जाऊन काय तर कोणाची तरी स्कूटर. मग थांबले. बारा मिनिटं थांबले, घड्याळ बघितलं. एक आजोबा तांब्या घेऊन खाली उतरले, पांढरं धोतर. ते कडेच्या जवळ आले तेव्हा काढला. हा पहिला फोटो आहे की ज्याला मिस्टर म्हणाले "कशाचा काढलायस" नाही, म्हणाले "हे कोण?"

दुसरा फोटो मात्र फसला, तो चौकटीचा. घाटावर एक छोटी ओवरी आहे, दगडी कमानीची, तिच्या आत उभं राहून कमानीतून पलीकडचं देऊळ घ्यायचं होतं. आत अंधार, बाहेर ऊन. मला वाटलेलं की कमान काळी येईल आणि देऊळ मधे चमकेल. आलं उलटं. कमानीचा प्रत्येक दगड, त्यावरचा चुना, कोणीतरी लिहिलेलं नाव, सगळं स्वच्छ आणि देऊळ फिकट पांढुरकं. आणि कळस कमानीला टेकलेला दिसतोय. काय चुकलं?

सिडकोचा_सम्या
ताई पोर्ट्रेट मोड लावा, कमान ब्लर होईल. यावेळी तरी मी बरोबर आहे.

मेनरोडची_मीरा
लावला होता रे. कमानीची अर्धी कड ब्लर झाली, अर्धी नाही, कुरतडल्यासारखी दिसते.

जुना_रोल
पोर्ट्रेट मोड जवळच्या माणसासाठी आहे, जवळ माणूस आणि मागे काहीतरी. इथे उलटं पाहिजे, जवळचं सोडायचंय आणि लांबचं धरायचंय, त्यात फोन गोंधळतो. फोनची लेन्स आणि सेन्सर एवढुसे असतात की दोन पावलांवरची कमान आणि शंभर पावलांवरचं देऊळ दोन्ही बऱ्यापैकी साफच येणार. ब्लरवर विसंबू नका, काळेपणावर विसंबा.

आता तुमचं काय झालं बघा. फोन पूर्ण चित्र बघतो आणि अंधारातलंही दिसलं पाहिजे म्हणून सावली उचलतो. तुमच्या चित्रात अर्ध्याहून जास्त अंधारी कमान होती, म्हणून त्याने सगळंच उजळवलं आणि बाहेरचं देऊळ फिकं पडलं. उपाय, स्क्रीनवर देवळावर बोट टेकवा, म्हणजे फोकस चौकोन तिथे येईल. तसंच दाबून धरलं की बहुतेक फोनवर ते लॉक होतं. मग शेजारी छोटा सूर्य किंवा सरकपट्टी दिसते, ती खाली ओढा. देवळाचा दगड दगडाच्या रंगाचा दिसेपर्यंत ओढा. कमान काळी पडेल, चुना, नाव, सगळं बुडेल. पूर्ण काळी झाली तरी हरकत नाही, कमानीचा आकार पाहिजे, कमानीचा फोटो नकोय. दुपारी बाराला हे जमणार नाही असं नाही, पण संध्याकाळी सोपं जातं, आत बाहेरचा फरक कमी असतो.

कळस टेकतो त्याचं. कमान तुमच्यापासून दोन पावलांवर असेल आणि तुम्ही अर्धं पाऊल मागे गेलात तर कमानीचं तोंड फोटोत बरंच लहान होतं. देऊळ शंभर पावलांवर आहे, अर्ध्या पावलाने त्याला काही फरक पडत नाही, ते तेवढंच राहतं. म्हणजे मागे-पुढे होऊन तुम्ही फक्त चौकट लहान-मोठी करताय, आणि डावी-उजवीकडे सरकून देऊळ चौकटीत सरकवताय. कळस टेकत असेल तर थोडं पुढे व्हा, कमान मोठी होईल, कळसावर मोकळं आकाश येईल. चौकटीला काहीच चिकटू नये, बोटभर तरी मोकळं पाहिजे. झूमने हे होत नाही, झूमने दोन्ही एकत्र मोठे होतात. आणि फोन वर मान करून धरू नका, देऊळ मागे रेललेलं दिसतं.

अर्धा_कप
आता कमानीच्या मधे ठेवणार की तिसऱ्या भागावर? सांगा ना काका 😏

जुना_रोल
कमान सारखी असेल तर मधे. खूश? पण तिथे पंचवटीकर येऊन म्हणतील घंटा पाहिजे, आणि घंटा एका बाजूला आहे, मग देऊळ थोडं सरकवायला लागेल. मीराताईंनी दोन्ही काढून ठेवावेत, मी आता सांगत नाही.

पंचवटीकर
घंटा पाहिजेच.

द्राक्षवाला
फोटो पाठवले काल व्यापाऱ्याला, ओळीला आडवं होऊन. म्हणाला घड दिसतोय, पण मणी एकसारखे नाहीत. आता हे कंपोझिशनने झाकता येईल का 😅

जुना_रोल
दादा, तो तुमचा आणि द्राक्षाचा मामला.

मेनरोडची_मीरा
परत गेले. काकांची सरकपट्टी जमली, कमान काळी झाली आणि देऊळ एकदम पुढे आलं. अर्धं पाऊल पुढे झाले तर कळस सुटला पण कमानीच्या पायथ्याशी एक कुत्रं झोपलेलं ते फ्रेममध्ये यायला लागलं, उठवावंसं वाटलं नाही. कमानीत मधोमध एक काढला, घंटा घेऊन बाजूला एक काढला. शाळेत स्टाफरूममध्ये दाखवले, पाच जणींना मधला आवडला, चौघींना घंटेवाला, आणि एकीला कुत्रं. प्रिंट काढून हॉलमध्ये लावायचा विचार आहे.

शुभांगी_ताई
मला शेवटी दुकान मिळालं, रविवार कारंजाच्या जवळ. सासऱ्यांचा फोटो झाला. पण मीराताई एक सांगते, मी बहिणीच्या मुलीने फोनवर काढलेला गणपतीचा आडवा फोटो पण सोबत प्रिंटला दिला होता, ८ बाय १२ मध्ये. मुकुटाचं टोकच कापलं गेलं. फोनवर पूर्ण होता! दुकानदार म्हणाला मोबाइलचा फोटो त्या कागदात बसतच नाही, वरखालून कापावाच लागतो, किंवा बाजूला पांढऱ्या पट्ट्या येतात.

जुना_रोल
शुभांगीताई, या धाग्यात तुम्ही सगळ्यात उपयोगाचं बोललात आणि मी विसरलो होतो. फोनचा फोटो चारास तीन असतो. ८ बाय १२ चा कागद तीनास दोन. आडवा फोटो रुंदीला बसवला की उंचीतला साधारण नववा भाग कापला जातो. कळस कमानीपासून बोटभर सोडला असेल तर वाचेल, चौकटीत सगळं टेकवून भरलं असेल तर गेलं. मीराताई, ९ बाय १२ मागा, तो चारास तीनच आहे, पूर्ण बसेल. आणि फोनमध्ये १६:९ करून ठेवलं असेल तर आत्ताच काढून टाका, बहुतेक फोन त्यात वरखालचं आधीच कापून ठेवतात, मग मागाहून हवं असलं तरी नसतं.

मेनरोडची_मीरा
केलेलं होतं. १६:९. मोठा दिसतो म्हणून. आठ दिवसांचे सगळे.

शुभांगी_ताई
दुकानाचा पत्ता व्यनि केलाय. ९ बाय १२ ची चौकट तयार नसते म्हणाला, बनवून देतो, दोन दिवस लागतात.

मेनरोडची_मीरा
बुधवारी टाकते द्यायला. कुत्र्यावाला.